आईच्या जुन्या पासपोर्ट फोटोवरून पुण्यस्मरणाचे चित्र : त्वचा मेणासारखी होऊ नये यासाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या भाद्रपदात माझ्या आईच्या निधनाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी आमच्या पंचवटीतील घरी सगळे नातेवाईक जमतील आणि तेव्हा दर्शनी खोलीत आईचे एक मोठे चित्र असावे, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. अडचण अशी, की तिचा एकटीचा, समोरून काढलेला असा एकच फोटो उरला आहे. वडिलांच्या निधनानंतर कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या पुस्तकासाठी तिने तो 1989 मध्ये काढला होता. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. फोटो रंगीत पण पासपोर्ट आकाराचा, खरखरीत कागदावरचा आहे, काळाबरोबर तांबूस झाला आहे आणि खांद्यावरच्या पदरावर जांभळ्या रबरी शिक्क्याची कड आलेली आहे.

चित्रे तयार करणाऱ्या एआय साधनात हा फोटो चढवून मी पुढील प्रॉम्प्ट लिहिला होता :

```
माझ्या आईचा हा जुना फोटो स्वच्छ व उजळ करा.
चेहरा तेजस्वी, प्रसन्न व अत्यंत सुस्पष्ट दिसावा.
मागे समईचा मंद सोनेरी प्रकाश असावा.
```

चित्र पहिल्या नजरेला सुंदर वाटले. मात्र थोरल्या बहिणीने ते पाहिले आणि फोन बाजूला ठेवून दिला. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, ते नाहीसे झाले होते. दोन भुवयांमधले गोंदण जाऊन तिथे लाल टिकली आली होती. गाल मेणाचे असावेत तसे गुळगुळीत आणि रंगाने पुष्कळ गोरे झाले होते. सर्वांत जिव्हारी लागले ते ओठ : आई फोटोत तोंड मिटून बसली आहे, कारण तोपर्यंत तिचे पुढचे दात पडले होते, चित्रात मात्र ती एकसारख्या पांढऱ्या दातांनी हसत होती.

दुसऱ्या प्रयत्नात मी 'खरी त्वचा, रंध्रे व सुरकुत्या स्पष्ट दिसाव्यात' असे लिहिले, तर आई पंच्याऐंशी वर्षांची आणि रापलेल्या चामड्यासारख्या चेहऱ्याची दिसू लागली. या दोन टोकांच्या मध्ये तिचा चेहरा राहील असा प्रॉम्प्ट कसा लिहावा, हे कृपया कोणी सांगावे.

पिक्सेलवाला

आपल्या पहिल्या प्रॉम्प्टमधील विशेषणांनीच घात केला आहे. आपण श्रद्धांजलीच्या मजकुरात 'तेजस्वी' लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला स्वभाव कळतो, पण साधनाला त्याचा अर्थ चकाकी असाच लागतो आणि ते कपाळावर, गालांवर चमक रंगवते. 'प्रसन्न' म्हटले की त्याला हसू काढावे लागते आणि 'उजळ' हा शब्द तर मराठीत प्रकाशालाही लागतो आणि वर्णालाही, त्यामुळे आपल्याला फोटो उजळ हवा होता आणि साधनाने आई उजळ केली. ही तीन विशेषणे काढा आणि त्यांच्या जागी 'नैसर्गिक त्वचा, हलकी रंध्रे, वयानुरूप बारीक सुरकुत्या, त्वचेचा रंग असमान, गुळगुळीतपणा नको' एवढे लिहा. माझा अनुभव असा आहे, की 'हलकी' आणि 'बारीक' हे शब्द घातले की चामडे होत नाही. फोटोचा तांबूसपणा काढण्यासाठी मात्र फोटोची पांढरी किनार घ्या आणि ती शुद्ध पांढरी होईल असा रंगसमतोल साधा, म्हणजे चेहरा आपोआप जागेवर येईल.

मनीषा_इंदिरानगर

फोटोवरून बोलता चेहरा करून देणारी साधनेही आता आली आहेत. पंचविसाव्या पुण्यस्मरणाला आई दोन शब्द बोलताना दिसली, तर नातवंडांना किती आनंद होईल!

गोदाकाठ

मनीषाताई, आपला हेतू चांगला आहे, पण आईचा आवाज ज्यांना आठवतो अशी आम्ही चौघे भावंडे अजून आहोत आणि दुसऱ्या आवाजात ती बोललेली आम्हाला सोसणार नाही. मला केवळ भिंतीवरचे स्थिर चित्र हवे आहे.

डार्करूमकाका

मी मेन रोडजवळ अडतीस वर्षे स्टुडिओ चालवला, आता निवृत्त आहे. मुलाच्या संगणकावर ही नवी साधने मी बरीच वापरली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पिक्सेलवाला यांनी विशेषणांबद्दल जे सांगितले ते अगदी खरे आहे, मात्र उपाय अर्धाच आहे. 'हलकी रंध्रे' लिहिल्यावर साधन जी रंध्रे काढते ती कोणाची? पासपोर्ट फोटोत मुळात रंध्रे उमटलेलीच नसतात. त्या आकारात दिसते ती त्वचेची एकंदर छटा, डोळ्यांखालची सावली, नाकापासून ओठांपर्यंत गेलेली घडी आणि या सगळ्यांवर पसरलेली फिल्मची कणी, म्हणजे बारीक दाणेदारपणा. जे फोटोत नाही ते मागितले, की साधन हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाजाने ते भरणार. मग ते मेण निघो किंवा चामडे, आई त्यात नसते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की प्रॉम्प्टमध्ये त्वचेचे वर्णन करूच नये. त्वचा स्कॅनमधून यावी आणि प्रॉम्प्टने फक्त चेहऱ्याभोवतीचे काम करावे.

त्यामुळे खरी मेहनत स्कॅनवर आहे. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. सपाट स्कॅनरवर 1200 डीपीआयला स्कॅन करा आणि स्कॅनरच्या प्रणालीतील धारदारपणा वाढवणे, रंग सुधारणे असे सगळे स्वयंचलित पर्याय बंद ठेवा. फोटो पुस्तकाला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पान सपाट करून तसाच ठेवा. आपला कागद खरखरीत आहे, हे महत्त्वाचे आहे. त्या कागदावरच्या उंचवट्यांची बारीक सावली स्कॅनमध्ये येते आणि साधनाला ती त्वचेचाच पोत वाटते. चामड्यासारखा चेहरा होण्याचे एक कारण बहुधा तेच असावे. यावर जुना उपाय असा, की एकदा स्कॅन झाल्यावर फोटो काचेवर उलट्या दिशेने, म्हणजे डोके खाली करून ठेवावा आणि पुन्हा स्कॅन करावा. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे दुसऱ्या स्कॅनमध्ये उंचवट्यांच्या सावल्या विरुद्ध बाजूला पडतात. गिम्पसारख्या चित्र-संपादनाच्या प्रणालीत दुसरा स्कॅन सरळ फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता 50 टक्के करा. दोन्ही सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात आणि खालची मऊ त्वचा दिसू लागते.

आता रंग. किनार पांढरी करण्याचा सल्ला येथे लागू पडत नाही, कारण किनारीवर रंगद्रव्ये जवळपास नसतातच. ती फक्त कागद किती पिवळा पडला एवढेच सांगते. बंद पुस्तकात राहिलेल्या त्या काळच्या प्रिंटमध्ये निळसर रंगद्रव्य आधी उतरते आणि म्हणून चेहरा तांबूस होतो. किनारीवरून समतोल साधला तर पिवळेपणा जाईल, तांबूसपणा राहील. त्यासाठी फोटोच्या आत असलेली एखादी राखाडी किंवा पांढरी वस्तू लागते. वृद्ध माणसाच्या डोळ्यांतला पांढरा भाग घेऊ नका, तो पिवळसर किंवा लालसर असतो. आपल्या मातोश्रींचे कानशिलाजवळचे केस पिकलेले असतील, तर तोच भाग घ्या.

हे सगळे झाल्यावरच साधनाकडे जा. साधनात चेहरा, मान, केस आणि कान झाकून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा, आणि प्रॉम्प्ट साधारण असा असू द्या :

```
चेहरा, मान, केस, कान व गोंदण यांत काहीही बदल करू नका.
ओठ मिटलेले आहेत, तसेच ठेवा. टिकली किंवा दागिना जोडू नका.
फक्त पदरावरील जांभळा शिक्का काढा व मागची भिंत
साधी, मंद, उबदार करड्या रंगाची करा.
प्रकाश मूळ फोटोप्रमाणेच ठेवा. मजकूर नको.
```

आपल्या मजकुरातली समई मी मुद्दाम काढली आहे. पासपोर्ट फोटोत प्रकाश सहसा समोरून किंवा वरून येतो; चित्रात समई आली की साधन चेहऱ्यावरही तिचा सोनेरी प्रकाश टाकते आणि त्यासाठी त्याला सगळा चेहरा नव्याने रंगवावा लागतो. समई खरीच लावून चित्रापुढे ठेवा. 'मजकूर नको' हेही मुद्दाम लिहिले आहे. ही साधने देवनागरी अक्षरे अनेकदा मोडकी काढतात, म्हणून नाव आणि तारखा नंतर वेगळ्या टाइप कराव्यात.

पिक्सेलवाला

काका, किनारीबाबत माझी चूक झाली, हे मान्य आहे. मात्र पासपोर्ट फोटो मोठा करायचा म्हटल्यावर तपशील कुठूनतरी आणावाच लागेल ना? त्यासाठी चेहरा सुधारणारी साधने आहेत. CodeFormer मध्ये तर मूळ चेहऱ्याशी किती प्रामाणिक राहायचे याचा 0 ते 1 असा आकडाच असतो. तो 1 च्या जवळ ठेवला तर मूळ चेहरा बराच टिकतो.

डार्करूमकाका

तो आकडा 1 च्या जवळ ठेवून मीही पाहिले आहे. ओळख टिकते हे खरे, पण गाल तरीही एकसारखे होतात आणि गोंदणासारखी बारीक खूण पुसट होते किंवा तिचा तीळ होतो. मी दुसरा मार्ग घेतो : चित्रच बेताचे मोठे करतो. पासपोर्ट फोटोत चेहरा साधारण एक इंच उंचीचा असतो. तो तीन इंचांपर्यंत नेला तर आठ बाय दहा इंचांच्या चौकटीत छातीपर्यंतचे चित्र छान बसते आणि दोन हातांवरून पाहताना कुठेही कमी वाटत नाही. बारा बाय अठराचा हट्ट धरला की तपशील उसने घ्यावे लागतात. भोवती रुंद पांढरा माउंट लावा, म्हणजे चौकट हवी तेवढी मोठी करता येईल आणि चेहरा तीन इंचच राहील.

सातपूरकर

माझे वडील कायम पांढरी टोपी घालत, त्यामुळे रंग ठरवायला मला टोपीच उपयोगी पडली. काकांचा मुद्दा मला तिथेच पटला. माझी अडचण मात्र निराळी आहे. माझ्या मुलाचा जन्म वडिलांच्या निधनानंतर तीन वर्षांनी झाला. त्याला आजोबांच्या मांडीवर बसवलेले चित्र करून घ्यावे, असे पत्नीचे म्हणणे आहे. मी प्रयत्न केला, पण वडिलांचे हात साधनाने तरुण माणसाचे काढले. नखे स्वच्छ, शिरा नाहीत. वडिलांनी कारखान्यात तीस वर्षे लेथवर काम केले होते. उजव्या तर्जनीचे टोक त्यांना नव्हते. असे चित्र करणे योग्य की अयोग्य, याबद्दलच मी संभ्रमात आहे.

देवळालीकर

जे घडलेच नाही त्याचे चित्र घरात लावले, तर वीस वर्षांनी मुलाला ते खरेच वाटेल. माझ्या मते दोन फोटो एकाच चौकटीत शेजारी शेजारी लावावेत.

मनीषा_इंदिरानगर

मला तसे वाटत नाही. पूर्वी आपल्याकडे चित्रकार दिवंगत आजीआजोबांना कुटुंबाच्या तसबिरीत रंगवून देत असत, त्याला कोणी खोटे म्हटले नाही. मुलाला समजू लागले की सांगावे, एवढे पुरे आहे.

डार्करूमकाका

सातपूरकर, योग्य काय ते आपण घरात ठरवावे, त्यात मी पडणार नाही. हातांविषयी मात्र सांगतो. चेहऱ्याचा फोटो असतो, हातांचा नसतो, म्हणून साधन हात कल्पनेने काढते. वडिलांचे हात दिसणारा कारखान्यातला किंवा लग्नातला एखादा फोटो असल्याशिवाय मांडीवर नातू बसवायला जाऊ नये.

ओघात एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. कृष्णधवल फोटोंच्या काळात आम्ही निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करत असू. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरच्या रेषा आम्ही गिऱ्हाइकाने न सांगताच हलक्या करत होतो. त्यामुळे 1960-70 च्या दशकांतला कोणाचा स्टुडिओ फोटो असेल, तर त्यातली नितळ त्वचा ही त्या माणसाची किती आणि आमच्या पेन्सिलीची किती, हे आज सांगता येणार नाही. गोदाकाठ यांचा फोटो छोटा, रंगीत आणि सरकारी कामासाठी घाईत काढलेला आहे. त्यावर कोणी पेन्सिल चालवली असण्याचा संभव फार कमी. या प्रसंगासाठी तो चांगल्या स्टुडिओ फोटोपेक्षा अधिक विश्वासाचा आहे.

गोदाकाठ

काका, आपण सांगितल्याप्रमाणे गेले चार दिवस काम केले, त्याचा वृत्तान्त लिहितो.

दोन उलटसुलट स्कॅन एकावर एक बसवायला दीड तास गेला, कारण पान किंचित वाकले होते आणि डोळे जुळले की हनुवटी सरकत होती. शेवटी फक्त चेहऱ्याचा भाग जुळवला. खरखर पुष्कळ कमी झाली आणि हनुवटीवरचे तीन ठिपके वेगळे दिसू लागले. ते काळे नसून हिरवट निळे आहेत, हे मी विसरलो होतो. कानशिलावरच्या केसांवरून रंग साधल्यावर चेहऱ्याचा तांबूसपणा गेला, पण आई किंचित फिकट वाटू लागली. तेव्हा बहिणीला दुपारी ओट्यावर सावलीत बसवले आणि तिचा हात पडद्याशेजारी धरून त्वचेचा रंग जुळवला, कारण आम्हा भावंडांत आईचा सावळा वर्ण तिलाच आला आहे. लाल किंचित वाढवावा लागला.

त्यानंतर आपला प्रॉम्प्ट दिला. माझ्या साधनात झाकण्याची सोय नाही, केवळ सांगावे लागते. पाठची भिंत आणि पदर उत्तम झाले, शिक्का गेला, ओठ मिटलेलेच राहिले आणि टिकलीही आली नाही. चेहराही मला पूर्वीसारखाच वाटला. परंतु आईच्या कानांच्या पाळ्या जड कुड्यांमुळे लांबलेल्या होत्या आणि भोके उभी चिरलेली होती, ती चित्रात छोटी आणि गोल झाली आहेत. साधनाने चेहरा खरोखर तसाच ठेवला आहे का, हे नजरेपलीकडे तपासता येते का?

डार्करूमकाका

कान पाहिलेत हे फार चांगले केले. आपण डोळे आणि ओठ पाहतो, साधन कानात पकडले जाते.

तपासणी सोपी आहे. स्कॅन खाली आणि नवे चित्र वर असे एकाच आकारात, तंतोतंत बसवून ठेवा आणि वरच्या थराची पद्धत Difference करा. जिथे दोन्ही चित्रे सारखी असतील तिथे काळे दिसेल. भिंत आणि पदर उजळ दिसणारच, कारण ते आपण बदलले. चेहरा काळाकुट्ट राहिला तर त्याला हात लागलेला नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, सुरकुत्यांच्या रेषा राखाडी उमटल्या तर 'बदल करू नका' हे वाक्य वाचूनही साधनाने चेहरा पुन्हा काढला आहे. झाकण्याची सोय नसलेली साधने बहुधा सगळे चित्रच नव्याने काढतात, तेव्हा हे होणे अपेक्षित धरा.

तसे झाले असेल तर प्रॉम्प्ट आणखी बदलत बसू नका. साधनाच्या चित्रातली भिंत आणि पदर ठेवा आणि त्यावर आपल्या स्कॅनमधला चेहरा थराच्या मुखवट्याने, म्हणजे वरच्या थराचा हवा तेवढाच भाग दिसू देणाऱ्या सोयीने, परत बसवा. जोड गालावरून किंवा मानेवरून नेऊ नका, तिथे तो लगेच दिसतो. केसांच्या बाहेरच्या कडेने आणि खाली पदराच्या काठाने न्या आणि मुखवट्याची कड पंधरा-वीस पिक्सेल मऊ करा. यानंतर एक गोष्ट खटकेल : चेहऱ्यावर कणी आहे आणि भिंत काचेसारखी स्वच्छ आहे, त्यामुळे चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चेहऱ्याची कणी घालवू नका. भिंतीवर आणि पदरावर तेवढीच कणी चढवा. खऱ्या आकारात, म्हणजे शंभर टक्क्यांवर पाहत ती हळूहळू वाढवा आणि चेहरा व भिंत सारखी वाटली की थांबा.

पिक्सेलवाला

हे मी करून पाहिले आणि मान्य करतो, की प्रॉम्प्ट कितीही नेमका लिहिला तरी चेहरा परत बसवण्याला पर्याय दिसत नाही. मात्र ज्यांच्याकडे मूळ फोटोच धुरकट, चेहरा नखाएवढा आहे, त्यांनी काय करावे? माझ्या आत्याचा फक्त लग्नातल्या समूहात, पंचवीस जणांमध्ये फोटो आहे.

डार्करूमकाका

तिथे चेहरा मोठा करण्याचा नाद सोडावा, असे माझे मत आहे. शेजारच्या दोघांसह तेवढा तुकडा लहान चौकटीत लावावा. साधन त्यातून सुस्पष्ट बाई काढून देईल, पण ती आत्या असेलच असे सांगता येणार नाही.

पिक्सेलवाला

हे मला अजून पूर्ण पटत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी 'हीच ती' असे म्हटले, तर अंदाजाने काढलेला चेहराही स्वीकारायला हरकत नसावी.

गोदाकाठ

तपासणी केली. चेहऱ्यावर सर्वत्र राखाडी रेषा उमटल्या आणि कानांच्या पाळ्या तर ठळक उजळ दिसल्या. चेहरा परत बसवला, कणी चढवली. काल रात्री मोठ्या पडद्यावर बहिणीला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली, मग तिने हनुवटीचे तीन ठिपके बोटाने मोजले आणि आईला ते माहेरी जत्रेत नऊ वर्षांची असताना गोंदवून दिले होते, हे आम्हा धाकट्यांना पहिल्यांदाच सांगितले.

एक गोष्ट मात्र आमच्यात ठरलेली नाही. पहिल्या चित्रातली टिकली पाहून ती रागावली होती, परंतु आता तीच म्हणते की आईला कुंकवाची आवड होती, वडील गेल्यावर ते लोकांनी पुसायला लावले. निदान या चित्रात तरी तिला ते लावावे. धाकटा भाऊ म्हणतो, की फोटोत जशी आहे तशीच असावी. दोघांचेही मला पटते. म्हणून सध्या कुंकवाचा वेगळा थर करून ठेवला आहे आणि तो बंद आहे.

आता आठ बाय दहाची प्रत रविवार कारंजा परिसरातील लॅबमध्ये छापून घेणार आहे. तिथे काही सांगावे लागेल का?

डार्करूमकाका

अवश्य सांगावे लागेल. अनेक लॅबमधील यंत्रे छापण्यापूर्वी रंग आणि उजेड आपोआप सुधारतात, आणि काही ठिकाणी कारागीर सवयीने त्वचा मऊ करून देतो. आपण चार दिवस जे जपले ते तिथे चार सेकंदांत जाईल. फाइल देताना 'करेक्शन नको, त्वचा मऊ करू नये' असे तोंडी सांगाच, पण पावतीवरही लिहून घ्या. कागद मॅट मागा. आधी पोस्टकार्ड आकारात एक नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात दारापाशी पाहा आणि हनुवटीचे तीन ठिपके वेगळे मोजता आले, तरच मोठी प्रत छापायला सांगा.